बर्लिनचं कॉलेज, ब्रिटनची डिग्री: पैसे भरण्याआधी घरबसल्या काय तपासता येतं

प्रश्न: माझ्या मुलाला बर्लिनमधल्या एका खाजगी बिझनेस स्कूलची एमएससी डेटा अ‍ॅनालिटिक्सची ऑफर आली आहे. कॉलेज जर्मनीत, पण डिग्री एका ब्रिटिश युनिव्हर्सिटीची मिळणार. "फुल्ली अ‍ॅक्रेडिटेड" आहे असं अलकापुरीतला एजंट सांगतो, वेबसाइटवर लोगोही पुष्कळ आहेत. एपीएसची कागद-पडताळणी झाली, बँक फ्लॅट तारण ठेवून कर्ज द्यायला तयार आहे. शुक्रवारपर्यंत 4,500 युरो भरायचे आहेत. हे खरं की खोटं, आम्ही कसं ओळखायचं? – वडोदरा

उत्तर:

ताई, मी वडोदऱ्यातच एका बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. आता निवृत्त आहे, पण ओळखीतली मुलं अजून फायली घेऊन घरी येतात. तुम्ही वर्णन केलंय तशी फाइल, म्हणजे एका देशात कॉलेज आणि दुसऱ्या देशाची डिग्री, ही सगळ्यात फसवी. ती बहुतेक वेळा सरळसरळ खोटी नसते. खोटी असती तर पकडणं सोपं गेलं असतं. तिच्यातलं प्रत्येक वाक्य सुटंसुटं खरं निघतं आणि एकत्र वाचल्यावर भलताच अर्थ होतो.

"मान्यता आहे का?" हा एक प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात तीन आहेत. पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार नक्की कोणाकडे आहे? तो अधिकार बर्लिनच्या या इमारतीत, या अभ्यासक्रमाला, या वर्षीच्या प्रवेशासाठी लागू आहे का? आणि ती पदवी हातात पडल्यावर मुलाला जे करायचंय, तिथली नोकरी असो की इथली पीएचडी, त्याला ती चालेल का? एजंट पहिल्याचं उत्तर देतो आणि घरच्यांना वाटतं तिन्हीचं मिळालं.

आधी दोन गैरसमज काढून टाकतो, कारण तुमच्या प्रश्नातही ते डोकावतायत. एपीएस झालं म्हणजे कॉलेज तपासलं गेलं असं नाही. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी ते सक्तीचं झालं, पण त्यात तुमच्या मुलाच्या इथल्या मार्कशीटा आणि डिग्री खरी आहे का एवढंच बघतात. त्या बर्लिनच्या कॉलेजचं नावही तिथे कोणी तपासत नाही. बँकेचं म्हणाल, तर आमच्या टेबलावरचं गुपित सांगतो. तारणाशिवाय कर्ज द्यायचं असेल तेव्हा बँका कॉलेजांची यादी काढून बसतात. फ्लॅट तारण आला की आमचा वकील फ्लॅटचे कागद तीस वर्षं मागे जाऊन बघतो आणि कॉलेजच्या ऑफर लेटरवर एक नजर टाकतो. पैसे बुडाले तर बँकेला फ्लॅट आहे. तेव्हा "बँकेने पास केलं" या वाक्याचा अर्थ फ्लॅट चांगला आहे, इतकाच घ्या.

आता कामाला लागू. संगणक घेऊन मुलालाच बसवा, तुम्ही शेजारी बसा.

पहिली गोष्ट, कॉलेजच्या वेबसाइटच्या अगदी तळाला Impressum असा शब्द शोधा. जर्मन कायद्याप्रमाणे धंदा करणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला हे पान ठेवावंच लागतं. वरचं सगळं पान जाहिरातवाल्याने लिहिलेलं असतं, हे पान वकिलाने. इथे संस्थेचं खरं कायदेशीर नाव, पत्ता, संचालक आणि कंपनी नोंदणीचा HRB ने सुरू होणारा क्रमांक असतो. वर मोठ्या अक्षरात "बर्लिन इंटरनॅशनल" असं काहीतरी आणि खाली कुठल्या तरी वेगळ्याच नावाची GmbH, असं पुष्कळदा दिसतं. GmbH म्हणजे आपल्याकडची प्रायव्हेट लिमिटेड. त्यात गैर काही नाही, चांगली खाजगी विद्यापीठंही अशाच कंपन्या चालवतात. पण ते नाव कागदावर उतरवून घ्या, पुढचा सगळा शोध त्या नावाने करायचाय. handelsregister.de वर ती कंपनी फुकट बघता येते. कंपनी कधी नोंदली, कोण संचालक, सगळं निघतं. "1990 पासूनची परंपरा" सांगणारी कंपनी तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर तिथेच थोडं थांबून विचार करावा.

दुसरी गोष्ट hochschulkompass.de. जर्मनीत उच्च शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. सोळा राज्यं आहेत आणि खाजगी विद्यापीठाला मान्यता त्या त्या राज्याचं मंत्रालय देतं. अशा संस्थेपुढे staatlich anerkannt, म्हणजे राज्यमान्य, असं लिहिलेलं असतं. ही वेबसाइट तिथल्या विद्यापीठ-प्रमुखांची परिषद चालवते आणि सरकारी व राज्यमान्य खाजगी अशा दोन्ही संस्था तिच्यावर असतात. तुमच्या कॉलेजचं नाव टाका, Impressum मधलं नावही टाका.

इथे रस्ता दोन फाटे घेतो.

नाव सापडलं, तर कॉलेज स्वतः जर्मन पदवी देऊ शकतं. मग प्रश्न उरतो तो अभ्यासक्रमाचा. त्यासाठी akkreditierungsrat.de वर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे, तिथे मुलाच्या ऑफर लेटरवरचं नाव अक्षरशः जुळवा. मास्टर ऑफ सायन्स की मास्टर ऑफ आर्ट्स, शहर कुठलं, वर्गात बसून की दूरशिक्षण, मान्यता कधीपर्यंत. 2018 नंतरच्या नियमांत ही मान्यता साधारण आठ वर्षांची असते, त्यामुळे तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच विद्यापीठाचा एकाच नावाचा अभ्यासक्रम वर्गातला आणि ऑनलाइन असा दोन्ही तऱ्हेने असू शकतो. हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं, त्यावर येतोच.

नाव सापडलं नाही, तर बर्लिनचं कॉलेज स्वतः काहीच पदवी देत नाही. ते शिकवतं, पदवी दुसरं कोणी देतं. तुमच्या वर्णनावरून तुमची केस या फाट्यावरची दिसते. एक खूण आधीपासून होतीच. जर्मनीत Universität आणि Hochschule ही नावं राज्यांच्या कायद्याने राखीव आहेत, वाटेल त्याला ती लावता येत नाहीत. बिझनेस स्कूल, कॉलेज, अकॅडमी, इन्स्टिट्यूट या इंग्रजी नावांना तसं बंधन नाही. म्हणून अशी पाटी दिसली की बाकी काही बघण्याआधी मी Hochschulkompass उघडतो.

लोगोंचं काय? ऑफर लेटरच्या खाली आयएसओ 9001 चा शिक्का असतो. तो ऑफिसातली कामाची पद्धत नीट लिहून ठेवलीय याबद्दलचा, पदवीबद्दलचा नाही. एखाद्या संघटनेचं सभासदत्व वर्गणी भरून मिळतं. एएसीएसबी किंवा AMBA यांसारख्या बिझनेस स्कूल तपासणाऱ्या संस्थांची मान्यता मात्र खरोखर मानाची असते, तरी पदवी द्यायचा कायदेशीर अधिकार त्याही देत नाहीत. तो अधिकार सरकारकडूनच येतो. आणि लोगो जर ब्रिटिश युनिव्हर्सिटीचा असेल, तर ती मान्यता त्या युनिव्हर्सिटीची आहे, तो लोगो छापणाऱ्याची नाही.

तर आता ब्रिटनकडे वळू. ऑफर लेटर पुन्हा काढा आणि पदवीचं वाक्य बोट ठेवून वाचा. "अवॉर्डेड बाय" लिहिलं असेल तर पदवी ती युनिव्हर्सिटी देणार. "इन कोलॅबोरेशन विथ", "पाथवे टू", "क्रेडिट्स रेकग्नाइज्ड बाय" असं लिहिलं असेल तर पदवी कोण देणार हे अजून कोणी सांगितलेलंच नाही. हे वाक्य फक्त ब्रोशरमध्ये आहे आणि ऑफर लेटरमध्ये नाही, असंही होतं. ब्रोशरच्या भरवशावर राहू नका.

युनिव्हर्सिटी इंग्लंडची असेल तर officeforstudents.org.uk वरचं रजिस्टर उघडा. त्यात संस्थेची नोंद आहे का आणि तिला पदवी देण्याचा अधिकार आहे का, दोन्ही दिसतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या युनिव्हर्सिट्या या रजिस्टरवर नसतात. त्यांच्यासाठी gov.uk वर संपूर्ण ब्रिटनमधल्या पदवी देऊ शकणाऱ्या संस्थांची यादी आहे. जर्मन बाजूने हीच युनिव्हर्सिटी anabin.kmk.org वर बघायची. परदेशी पदव्यांचं मूल्य ठरवायला जर्मनीतली सरकारी कार्यालयं हीच नोंदवही उघडतात. संस्थेपुढे H+ असेल तर ती तिथे मान्य, H- असेल तर अमान्य, आणि H+/- असेल तर नुसत्या संस्थेच्या नावावर निर्णय होत नाही, खोलात बघावं लागतं.

तुमच्या फाइलमध्ये बहुधा इथपर्यंत सगळं हिरवं निघेल. ब्रिटिश युनिव्हर्सिटी खरी, रजिस्टरवर आहे, H+ आहे. एजंट याचाच प्रिंटआउट काढून टेबलावर ठेवतो आणि कुटुंब सही करतं. पण आपण फक्त लंडन किंवा बर्मिंगहॅमची युनिव्हर्सिटी खरी आहे एवढंच सिद्ध केलं. बर्लिनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाशी तिचं नातं काय, हे कुठल्याच रजिस्टरने सांगितलेलं नाही.

ते नातं फक्त ती युनिव्हर्सिटीच सांगू शकते. तिच्या वेबसाइटवर बहुधा पार्टनर कॉलेजांची यादी असते, ती बघा, पण तिच्यावर थांबू नका. रजिस्ट्री किंवा क्वालिटी ऑफिसचा ईमेल पत्ता युनिव्हर्सिटीच्या साइटवरून स्वतः शोधून तिथे लिहा. एजंटने किंवा कॉलेजने दिलेला पत्ता वापरायचा नाही. उत्तर ac.uk ने संपणाऱ्या पत्त्यावरूनच यायला हवं. ब्रिटनमध्ये ac.uk हे नाव शैक्षणिक आणि संशोधन क्षेत्रातल्या पात्र संस्थांनाच मिळतं. जर्मनीच्या .de ला असं काही बंधन नाही, ते पैसे भरून कोणीही घेतं, त्यामुळे .de पत्त्यावरून आलेल्या पत्राने काही सिद्ध होत नाही.

ईमेलमध्ये लांबण लावू नका. ऑफर लेटर जोडा आणि विचारा: या कॉलेजबरोबर तुमचा करार आज चालू आहे का, याच नावाचा अभ्यासक्रम बर्लिन कॅम्पससाठी मंजूर आहे का, या वर्षीच्या या महिन्यातल्या नव्या प्रवेशासाठी तो खुला आहे का, आणि विद्यार्थ्याची नोंद तुमच्या स्वतःच्या दप्तरात होते का. शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवा. नोंद होत असेल तर मुलाला युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी क्रमांक मिळतो आणि उद्या कॉलेज बंद पडलं तरी त्याच्यासाठी काहीतरी करणं युनिव्हर्सिटीला भाग पडतं.

हा खटाटोप कशासाठी, ते एका फाइलवरून सांगतो. मांजलपूरचा एक मुलगा, तुमच्या मुलासारखीच केस, शहर बर्लिनच. विषय डेटाचा, फी साडेतेरा हजार युरो, पैकी पहिला हप्ता आगाऊ. कॉलेज Hochschulkompass वर नव्हतं, म्हणून ब्रिटनकडे गेलो. युनिव्हर्सिटी इंग्लंडच्या रजिस्टरवर होती, पदवीचा अधिकार होता, anabin वर H+ होता. तिच्या पार्टनरांच्या यादीत बर्लिनचं कॉलेजसुद्धा होतं. मुलाचे वडील म्हणाले, "आता आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं, एक ईमेल जाऊ द्या, त्याला काही फी नाही.

उत्तर यायला आठवडा गेला. अगदी सभ्य, चार ओळींचं. कॉलेजशी आमचा करार आहे, तो मॅनेजमेंटच्या दोन अभ्यासक्रमांपुरता आहे, सध्या तो "टीच-आउट"मध्ये आहे, आणि तुम्ही जोडलेल्या पत्रातला अभ्यासक्रम आमच्या मंजुरीत नाही.

टीच-आउट म्हणजे करार संपत आलाय. जी मुलं आधीच आत आहेत त्यांना पदवीपर्यंत पोचवायचं, नवीन कोणाला घ्यायचं नाही. या काळात पार्टनरांच्या यादीतलं नाव तसंच राहतं, कारण जुनी मुलं अजून शिकत असतात. कॉलेजच्या वेबसाइटवरचा लोगोही राहतो आणि तो लावायला करारानुसार हरकतही नसते. म्हणजे एजंट खोटं बोलत नव्हता, त्याला बहुधा माहीतही नव्हतं. कॉलेजला आम्ही हेच उत्तर पाठवलं, तेव्हा ते म्हणाले, आम्ही दुसऱ्या एका देशातल्या युनिव्हर्सिटीशी बोलणी करतोय, तुमचा मुलगा येईपर्यंत होऊन जाईल. पदवी कोण देणार हे ठरायच्या आधी पदवीचे पैसे मागत होते! त्या घरच्यांनी पैसे भरले नाहीत. मुलगा पुढच्या सत्रात एका राज्यमान्य खाजगी Hochschule मध्ये गेला. ते काही फार नावाजलेलं नाही, पण पदवी त्याची स्वतःची आहे.

समजा तुमच्या ईमेलला छान उत्तर आलं. करार चालू, अभ्यासक्रम मंजूर, प्रवेश खुला. मग तिसरा प्रश्न: ही पदवी मुलाच्या कामाची आहे का? इथे ठाम हो किंवा नाही मी सांगू शकत नाही, कारण ते मुलाला पुढे काय करायचंय त्यावर ठरतं.

जर्मनीत राहायचं असेल तर व्हिसाचा कायदा बघा. निवास कायद्याचं कलम 16b शिक्षणासाठीचा परवाना सरकारी, राज्यमान्य किंवा "तत्सम" संस्थेसाठी देतं. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, तेही या परवान्यावर जर्मनीत शिक्षण पूर्ण केलेल्यांना. राज्यमान्य संस्थेबाबत वाद नाही. फक्त शिकवणारं कॉलेज आणि बाहेरची पदवी असेल तर ते "तत्सम"मध्ये बसवायचं की नाही हा अधिकाऱ्याचा निर्णय होतो. सीनियर मुलांना व्हिसा मिळाला म्हणून यालाही मिळेल, असं त्यातून निघत नाही. कॉलेजला लेखी विचारा की गेल्या वर्षीच्या मुलांना कुठल्या कलमाखाली परवाना मिळाला आणि पदवीनंतर नोकरी-शोधाचा परवाना कोणाला मिळालाय का. गोल गोल उत्तर आलं तर तेच उत्तर समजा.

याच ठिकाणी वर्गातलं की ऑनलाइन हा मुद्दा येतो, आणि तो राज्यमान्य विद्यापीठांनाही लागू आहे. 16b चा परवाना प्रत्यक्ष हजर राहून शिकण्यासाठी आहे. 2025 मध्ये बर्लिनमधल्या एका खाजगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. विद्यापीठ राज्यमान्य, पण अभ्यासक्रम हायब्रिड. परदेशी नागरिकांचं कार्यालय म्हणालं की हे ऑनलाइन शिक्षण आहे, त्यासाठी जर्मनीत राहायची गरज नाही. मुलांनी फी भरलेली, कर्ज घेतलेलं, आणि हातात देश सोडण्याची नोटीस. म्हणून ऑफर लेटरवर Präsenzstudium किंवा "ऑन-कॅम्पस, फुल टाइम" हे शब्द हवेत आणि आठवड्याला किती तास वर्गात, तेही लेखी हवं. "फ्लेक्सिबल", "ब्लेंडेड" हे शब्द इथे नोकरी करणाऱ्याला सोयीचे वाटतात, परवाना मागणाऱ्याला महागात पडतात.

आणि परत यायचं असेल तर? खाजगी कंपनीत फारसा प्रश्न येत नाही, ते मुलाखत घेतात. पण सरकारी नोकरी, प्राध्यापकी, इथली पीएचडी यांसाठी परदेशी पदवीला समकक्षता लागते. पूर्वी हे काम एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठांची संघटना, करायची. एप्रिल 2025 मध्ये यूजीसीने त्यासाठी स्वतःचे नियम अधिसूचित केले, आणि त्यांत फ्रँचायझी पद्धतीने घेतलेल्या पदवीला समकक्षता नाही असं म्हटलंय. तुमच्या मुलाची बर्लिनमधली ब्रिटिश पदवी त्या व्याख्येत येण्याचा धोका उघड आहे. त्याला कधी एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकवायची इच्छा असेल, तर मी हा रस्ता धरू नका असंच सांगेन, बाकी सगळे कागद सोन्याचे असले तरी.

एक बाजू न्यायाने मांडली पाहिजे. खाजगी म्हणजे वाईट असं मुळीच नाही. जर्मनीत राज्यमान्य खाजगी विद्यापीठं बरीच आहेत, काही उत्तम आहेत, पुष्कळ मध्यम आहेत. मान्यता असणं म्हणजे पदवी कायदेशीर आहे, शिक्षण चांगलं आहे असा अर्थ होत नाही. आपल्याकडेही मान्यता असलेली इंजिनीअरिंग कॉलेजं कशी कशी आहेत ते वडोदऱ्याच्या आसपास बघितलंत तर कळेल. पण मध्यम कॉलेजातली कायदेशीर पदवी घेऊन मुलगा स्वतःच्या हुशारीवर पुढे जातो. पदवीच अडकली तर हुशारी दाखवायची जागाच उरत नाही.

एजंट हीच कॉलेजं का सुचवतो, हेही लक्षात घ्या. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण-शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला 1,500 युरो पडतात, आणखी थोडे अपवाद आहेत, एवढंच. जिथे फीच नाही तिथून एजंटला कमिशन कुठून मिळणार? कमिशन खाजगी कॉलेजांकडून येतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण "सरकारीत तुमच्या मुलाचा नंबर लागणार नाही" हे वाक्य ऐकताना कमिशनची आठवण ठेवा. त्याचे मार्क मला माहीत नाहीत. सरकारी विद्यापीठात त्याने अर्ज केलाय का, हे मात्र विचारावंसं वाटतं.

आता पैशांचं. ऑफर लेटरवरचा बँक खात्याचा IBAN बघा, त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मन खातं DE ने सुरू होतं. कॉलेज बर्लिनचं आणि खातं तिसऱ्याच देशातलं असेल तर कारण लेखी मागा. खातेदाराचं नाव Impressum मधल्या कंपनीच्या नावाशी जुळलं पाहिजे. एजंटच्या इथल्या खात्यात "आम्ही पुढे पाठवतो" म्हणून पैसे भरायचे नाहीत, सवलत दिली तरी नाही. कर्ज घेताय तर बँकेलाच सांगा की पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जाऊ द्या. बँकेलाही तेच हवं असतं.

परताव्याची अट पैसे भरायच्या आधी वाचायची. व्हिसा नाकारला तर किती परत, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. मी आणखी एक ओळ मागून घ्यायला सांगतो: पदवी देणाऱ्या युनिव्हर्सिटीचा करार किंवा मंजुरी प्रवेशाच्या दिवशी चालू नसेल, तर पूर्ण रक्कम परत. ही ओळ ईमेलवर मान्य करून घेतली तरी चालेल. करार खरा असेल तर कॉलेजला ती लिहायला काहीच जड जात नाही. मांजलपूरच्या फाइलमध्ये ही ओळ मागितल्यावर आठ दिवस फोन बंद होते.

शुक्रवारचं असं करा. आज रात्री Impressum, Hochschulkompass आणि रजिस्टर उरकून घ्या, तासाभराचं काम आहे. ब्रिटिश युनिव्हर्सिटीला ईमेल आजच पाठवा. मग कॉलेजला थेट, एजंटला नुसती प्रत ठेवून, लिहा की युनिव्हर्सिटीकडून खात्री येईपर्यंत आम्हाला दोन आठवडे मुदत हवी आहे. अशा कॉलेजांत जागा भरून जायची वेळ क्वचितच येते, आणि मुदत बहुतेक वेळा मिळते. नाकारली, तर 4,500 युरो तुमच्याच खात्यात आहेत आणि पुढचं सत्र सहा महिन्यांवर असतं.

ऑफर लेटरमधलं पदवीचं वाक्य आणि Impressum मधलं नाव इथे टाकलंत, मुलाचं नाव आणि पासपोर्टचा नंबर झाकून, तर मीही बघून सांगेन.